आनंदीबाई जोशी : फोटोंतल्या पानांवरून लावलेला जीवनपट

ताई, तक्त्यासाठी तुम्ही पाठवलेले पानांचे फोटो मागेपुढे आले होते, त्यांतले प्रसंग तारखांप्रमाणे लावले.

३१ मार्च १८६५ – कल्याणला जन्म. माहेरचं नाव यमुना.
१८७४ – नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न.
१८७८ – मुलगा झाला, दहा दिवसांत गेला. डॉक्टर होण्याची ओढ इथूनच, म्हणून तक्त्यात ही ओळ गाळू नका.
एप्रिल १८८३ – कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेकडे, सोबत नवरा नाही.
११ मार्च १८८६ – फिलाडेल्फियात एम.डी.; समारंभाला पंडिता रमाबाई हजर. (रमाबाईंचं पान तिसऱ्या फोटोत आहे, पण प्रसंग इथला.)
१८८६ अखेर – आजारी अवस्थेत परत.
२६ फेब्रुवारी १८८७ – पुण्यात निधन. बावीसही पूर्ण नव्हती.