आई-बाबांना, मोटारसायकलबद्दल

प्रिय आई आणि बाबा,

हा विषय जेवताना निघाला की आई ताट घेऊन उठते आणि बाबा बातम्यांचा आवाज वाढवतात. म्हणून लिहून देते आहे. दोघांनी वाचा, मग काय ते बोलू. "नाही" म्हणायचं असलं तरी निदान कशाला नाही म्हणताय ते पुरतं कळू दे.

मला जुनी मोटारसायकल हवी आहे. ११० सीसीची, सात वर्षं वापरलेली, ३१ हजार किलोमीटर चाललेली. मामाच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यांची आहे आणि पहिल्यापासून त्यांच्याच हातात आहे. रंग उडालाय, सीटला एक शिवण घातलेली आहे. ती घेऊन मिरवावं असं तिच्यात काहीही नाही, हे आधीच सांगून टाकते.

कॉलेज १९ किलोमीटरवर. सव्वासातची बस पकडली तर साडेआठचं लेक्चर मिळतं, पण ती भरून आली की थांबत नाही आणि पुढची नऊला. संध्याकाळचं त्याहून वाईट. प्रॅक्टिकल साडेपाचला संपतं, बस पाच वीसला निघून गेलेली असते आणि नंतरची सातला. मग मी पाऊण तास लायब्ररीत आणि उरलेला वेळ स्टॉपवर. घरी यायला साडेआठ होतात आणि त्यानंतर जर्नल लिहायला बसले की डोळे मिटतात. यंदा प्रोजेक्टही आहे. गटातले बाकीचे प्रॅक्टिकलनंतर थांबून काम करतात आणि मी घड्याळ बघत असते. बाबा, मागच्या सेमिस्टरचे मार्क बघून तुम्ही वेळेचं नियोजन कर म्हणालात. माझ्या वेळेचं नियोजन सध्या बस करते.

आता आईची भीती. दुचाकी चारचाकीपेक्षा धोक्याची असते, हे मी नाकारत नाही; अंगाभोवती पत्रा नसतो. पण हा धोका सगळ्यांना सारखा नसतो. हेल्मेट घे. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. अर्थात ते डोक्यावर घट्ट बसणारं आणि पट्टा लावलेलं हवं. आरशाला लटकवलेलं किंवा पट्टा मोकळा सोडलेलं हेल्मेट म्हणजे नुसतं ओझं.

दुसरं, वेग. ब्रेक लावल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे ४० ऐवजी ६० ने गेलं तर ते दीडपट नाही, सव्वादोनपट होतं. हे मी पेपरात लिहिते, रस्त्यावरही लक्षात ठेवीन. आपल्या १९ किलोमीटरला ४० ने जायला अर्ध्या तासापेक्षा जरा कमीच लागेल, आणि तेवढंच मला पुरतं. नऊ-दहा मिनिटं वाचवण्यासाठी ६० ने जायची मला गरजच नाही. शिवाय ही गाडी पळवायची म्हटली तरी फारशी पळणारी नाही. मोठ्या इंजिनाची मागत नाहीये, यामागे पैसे हे एकच कारण नाही.

"मग स्कूटर का नको?" असं आई विचारेल. पहिलं कारण रस्ता. मधला पाच-सहा किलोमीटरचा पट्टा उखडलेला आहे. स्कूटरची चाकं लहान असल्याने खड्ड्यात जास्त आपटतात; मोटारसायकलची मोठी चाकं तोच खड्डा सहज पार करतात. दुसरं कारण पेट्रोल. ही गाडी लिटरला पन्नासच्या वर जाते. रोजचे ३८ किलोमीटर म्हणजे पाऊण लिटर, आठवड्याला चारच्या आत. बसचा पास आणि बस चुकल्यावर रिक्षाला जातात ते पैसे मिळून यातला बराचसा भाग निघतो. सगळा नाही निघत, वरचा मी शिकवण्यांतून घालीन.

गाडी मी एकटीने बघून भुललेले नाही. मामा होताच, आणि त्याच्या ओळखीच्या मेकॅनिकलाही नेलं होतं. त्यांनी मालकांना आधीच निरोप दिला होता की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गरम इंजिन सगळंच चांगलं दाखवतं म्हणे. थंड असताना ती दुसऱ्या किकला सुरू झाली. सायलेन्सरमधून निळा धूर नाही, म्हणजे इंजिन ऑइल जाळत नाही. पुढच्या शॉकअॅबसॉर्बरवर तेलाचा ओघळ नाही, हँडल सरळ आहे, चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर नोंदणीच्या कागदाशी जुळले. कर्ज काढून घेतलेली नव्हती, त्यामुळे बँकेचा प्रश्न येत नाही.

जे वाईट निघालं तेही सांगते. मागचा टायर गुळगुळीत झाला आहे. चेनसेट संपत आलाय. मागचे ब्रेकशूही झिजलेत. या तिन्ही वस्तू बदलल्याशिवाय मी गाडीवर बसणार नाही, आणि त्यांचा खर्च धरूनच हिशेब मांडला आहे. पुढचा टायर अलीकडचा आहे. टायरवर शेवटचे चार आकडे असतात त्यातून कितव्या आठवड्यात आणि कुठल्या वर्षी बनला ते कळतं. बाबा, तुम्हाला हे आवडेल, येऊन बघा.

पैशाचं म्हणाल तर निम्मे माझ्याकडे शिकवण्यांचे साठलेत. उरलेले निम्मे तुमच्याकडून उसने हवेत, दर महिन्याला थोडे थोडे परत करीन. हेल्मेट मात्र नवीन आणि चांगलं घ्यायचं. जुनं वापरलेलं नको, ते कधी कुठे आपटलंय कळत नाही.

लायसन्स गिअरच्या गाडीचं आहेच. तरीही पहिले दोन आठवडे मामा त्याच्या गाडीवर माझ्या मागून येईल, तसं त्याने कबूल केलंय. पहिले सहा महिने मागे कुणाला बसवणार नाही. मैत्रिणी रागावतील, रागावू देत. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी बस. पहिल्या पावसात तर नक्कीच, कारण रस्त्यावरचं तेल तेव्हा वर येतं आणि चाक घसरतं. फोन बॅगेत राहील. म्हणून आई, मी वाटेत असताना फोन केलास आणि उचलला नाही तर घाबरू नकोस. निघताना आणि पोचल्यावर मेसेज करीन. रात्री उशीर झाला तर मामाकडे थांबेन, अंधारात त्या उखडलेल्या पट्ट्यावरून येणार नाही.

तीन महिने बघा. यातलं काही मी पाळलं नाही तर किल्ली बाबांकडे, मी वाद घालणार नाही. गाडी विकावी लागली तर थोडंफार नुकसान होईल, पण जुन्या गाडीची किंमत आधीच उतरलेली असते, त्यामुळे फार नाही.

रविवारी सकाळी मालक गाडी घेऊन मामाकडे येणार आहेत. तुम्ही दोघंही या. आई, तू मागे बसून एक चक्कर मार, चालवेल मामा. आणि बाबा, टायर आणि चेनसेटचे पैसे किमतीतून वजा करायला त्यांना तुम्हीच सांगा. माझ्याकडून घासाघीस होत नाही, त्यांनी चहा विचारला की मी गप्प बसते. गाडी नावावर करून घ्यायचे कागद आणि विम्याचं काय करायचं ते मी लिहून ठेवलंय, माझ्या टेबलावर निळ्या फाइलमध्ये आहे.

तुमची,
मुक्ता