बेड १४ चा टीपीआर चार्ट: कुठल्या आकड्यापाशी थांबायचं?

नर्सिंग फाउंडेशन, प्रात्यक्षिक हँडआउट

चार्ट सरावासाठी बनवलेला आहे, पण असे चार्ट वॉर्डात रोज दिसतात. फिमेल सर्जिकल, बेड १४. वय ५४, वजन ६० किलो. अपेंडिक्स फुटल्यामुळे ऑपरेशन झालं, आज दुसरा दिवस. बीपीचा जुना त्रास. एरवीचं बीपी १४०/९० च्या आसपास. कॅथेटर आहे, ऑक्सिजन लावलेला नाही.

| वेळ | ताप (फॅ.) | पल्स | श्वास | बीपी | सॅच्युरेशन | लघवी, मागच्या तासाची | शुद्ध |
|---|---|---|---|---|---|---|---|
| सकाळी ६ | ९९.० | ८४ | १८ | १३८/८६ | ९८ | ५५ मिली | नीट |
| सकाळी १० | १००.२ | ९४ | १८ | १३०/८० | ९७ | ४५ मिली | नीट |
| दुपारी २ | १०१.६ | १०८ | १८ | ११४/७० | ९५ | २५ मिली | नीट |
| दुपारी ४ | ९९.४ | ११८ | २८ | १००/५८ | ९३ | १५ मिली | बोलण्यात गोंधळ |

दुपारी २ वाजता पॅरासिटामॉल दिलं.

आधी आडवी ओळ वाचू नका. एकेक रकाना वरून खाली वाचा. पल्स चढत गेली, बीपी उतरत गेलं, लघवी आटत गेली. सहा वाजताचे आकडे एकटे पाहिले तर काहीच वाटणार नाही. दिशा कळते ती चार ओळी मिळून.

आता श्वासाच्या रकान्यापाशी थांबा. १८, १८, १८ आणि एकदम २८. ताप १०१.६, पल्स १०८ आणि श्वास मात्र सकाळइतकाच? हा आकडा मोजलेला नाही, वरच्या ओळीवरून उतरवलेला आहे. मी हे इतकं आग्रहाने सांगते, कारण पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी श्वास वाढतो, आणि सगळ्यात कमी मोजला जातो तोही श्वासच. पल्स मोजून झाली तरी मनगट धरूनच ठेवा आणि नजर छातीवर ठेवून पूर्ण १ मिनिट मोजा. श्वास मोजताय हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो.

एका खोट्या आकड्याने काय होतं ते पाहा. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या न्यूज-२ पद्धतीत प्रत्येक आकड्याला गुण असतात. बेरीज ५ झाली की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं, ७ झाली की आणीबाणी. दुपारी २ ला सॅच्युरेशन ९५ चा १, पल्स १०८ चा १, तापाचा १ मिळून ३ होतात. श्वास खरोखर मोजला असता आणि तो २४ भरला असता, तर त्याचे आणखी २, म्हणजे ५. डॉक्टर दोन तास आधी आले असते. दुपारी ४ ला श्वासाचे ३, सॅच्युरेशनचे २, बीपीचे २, पल्सचे २ आणि गोंधळाचे ३, एकूण १२.

चार वाजता ताप उतरलेला दिसतो. नातेवाईक म्हणतील, "सिस्टर, आता बरं आहे ना?" ताप पॅरासिटामॉलने उतरलाय. ताप उतरला की पल्सही थोडी खाली यायला हवी होती. इथे ती १० ने चढली. म्हणून या तापाच्या आकड्यावर समाधान मानायचं नाही.

बीपी १००/५८ एखाद्या सडपातळ तरुण मुलीचं रोजचं असू शकतं. या बाईंचं एरवीचं १४०. वरचा आकडा ४० ने खाली आलाय. बीपी नेहमी त्याच पेशंटच्या एरवीच्या बीपीशी ताडून पाहा. (बीपीसाठी ॲटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर पल्स एवढी चढणारही नाही, म्हणून औषधांचा कागद शेजारी ठेवून चार्ट वाचा.)

लघवी ताशी किलोमागे निदान अर्धा मिली हवी, म्हणजे इथे ३० मिली. १५ दिसले की आधी कॅथेटरची नळी कुठे दुमडली नाही ना ते बघा. सॅच्युरेशन ९३ आलं तर बोट गार आहे का, नेलपॉलिश आहे का तेही बघा, पण श्वास २८ असताना "मशीनची चूक असेल" म्हणून सोडून देऊ नका.

गोंधळ हा आकडा नसतो, म्हणून सुटतो. सकाळी नातवाचं नाव सांगणाऱ्या बाई चार वाजता "मला घरी सोडा, गाय दोहायची आहे" म्हणत सलाइन ओढत असतील, तर ती झोपेची गुंगी समजू नका.

हे सगळं एकत्र पाहिलं तर पोटातलं इन्फेक्शन रक्तात पसरत असल्याची शंका येते. निदान डॉक्टर करतील. तुम्ही पेशंटजवळ कोणाला तरी थांबवा, वॉर्ड इन्चार्जना हाक मारा, स्टँडिंग ऑर्डरप्रमाणे ऑक्सिजन लावा, सलाइनची लाइन चालू आहे ना बघा आणि फोन करा:

"डॉक्टर, फिमेल सर्जिकलमधून बोलतेय. बेड १४, अपेंडिक्स परफोरेशन, ऑपरेशनचा दुसरा दिवस. गेल्या दोन तासांत बीपी ११४ वरून १०० वर आलंय, एरवीचं १४० असतं. पल्स ११८, श्वास मी पूर्ण मिनिट मोजलाय, २८ आहे. सॅच्युरेशन ऑक्सिजनशिवाय ९३ होतं, आता ऑक्सिजन लावलाय. लघवी तासात १५ मिली, बोलण्यात नवीन गोंधळ. मला सेप्सिसची शंका येतेय. तुम्ही आत्ता येऊन बघा. तोवर काय सुरू करू?"

जी ऑर्डर मिळेल ती फोनवरच परत वाचून दाखवा, वेळेसकट लिहा, आणि डॉक्टर येईपर्यंत दर १५ मिनिटांनी नवी ओळ भरा. प्रत्येक वेळी श्वास मोजून.