आशीर्वाद, आणि आमटी

"हे माइकचं चित्र दाबून धरायचं, आजी. बोलणं संपेपर्यंत बोट उचलायचं नाही," शेजारच्या रेवाने सांगितलं.

माईंनी पदर सारखा केला, घसा खाकरला. "चिरंजीव सोहम यास आजीचे अनेक आशीर्वाद. इकडे वाईत सर्व खुशाल. तिकडचे क्षेमकुशल कळवणे."

"अहो, पत्र नाही हे!"

पण सुरुवात अशीच करायची असते. मुंबईला गिरणीत असलेल्या नवऱ्याला त्यांनी वर्षानुवर्षं असंच लिहिलं होतं. मग मात्र आवाज सैलावला.

"अरे, कृष्णेला पाणी चढलंय, घाटाच्या पायऱ्या बुडाल्या. तुझी मनी व्यायली, तीन पिल्लं. आणि आमटी विचारली होतीस ना? चिंच कोळून घाल, गूळ बेताने, वर गोडा मसाला. जेवतोस ना रे वेळेवर?"

बोट उचललं. म्युनिकहून उत्तर लगेच आलं. "आजी! तुझा आवाज! ऐक, चिंच नाहीये. लिंबू चालेल?"

माईंनी रेवाकडे बघितलंही नाही. बोट दाबलं.

"चालेल. पण गॅस बंद केल्यावर पीळ, नाहीतर कडवटपणा येईल. आणि डाळ किती घेतलीस?"