बाईंचा डबा

ताई, बाईंच्या घरची मंडळी, आणि आपण सगळे,

मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे. दुःख आणि सांत्वन याबद्दल निरनिराळे धर्म काय सांगतात, त्यावर बोला म्हणाले. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "अगं, पाच मिनिटांत आटप, लोकांना घरी जायचंय."

त्यांनी मिरजेत चौतीस वर्षं गणित शिकवलं, तरी गावाच्या लक्षात राहिला तो त्यांचा डबा. कुणाकडे मर्तिक झालं की संध्याकाळी बाई डबा घेऊन हजर. आमचे वडील गेले तेव्हा मी नववीत होते. पितळी डबा, वर फडकं बांधलेलं, आत मऊ खिचडी. बाई दाराशी टेकल्या आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "पाणी प्यायलीस का?" तोवर घरात येणारा प्रत्येक जण 'आत्मा अमर आहे' हेच सांगत होता. गीता खरीच आहे हो, पण अर्जुनाला ती रणांगणावर सांगितली होती, भेटायला आलेल्यांच्या चपला दारात पडलेल्या असताना नाही.

आपल्याकडे त्या घरी चूल पेटत नाही, कडू घास सोयरे-शेजारी आणतात. पुढे सतारमेकर गल्लीतल्या माझ्या मैत्रिणीकडे तिचे अब्बा गेले, तेव्हा बाईंचा डबा तिथेही गेला. तिची आजी म्हणाली, हे तर आमच्या पैगंबरांनीच सांगितलंय. त्यांचा चुलतभाऊ जाफर लढाईत पडल्याची खबर आली, तेव्हा ते म्हणाले होते, जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा, त्यांना आज दुसरं काही सुचणार नाही. इस्लाममध्ये ऊर बडवून आक्रोश करणं बसत नाही. आपण अल्लाहचे आणि त्याच्याकडेच परतणारे, असं म्हणायचं. पण तान्हा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा खुद्द पैगंबरांचे डोळे वाहिले होते. आजीने हे सांगितलं आणि पदर डोळ्यांना लावला.

बायबलमध्ये तर दोनच शब्दांचं एक वचन आहे, 'येशू रडला.' मित्र लाजर गेला होता, त्याला आपण उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी तो रडला. मिशन हॉस्पिटलमधल्या आमच्या शेजारच्या सिस्टर हे वचन सांगायच्या आणि पुढे काहीच म्हणायच्या नाहीत. कोकणातले बेने इस्रायली सात दिवस शोक पाळतात. ज्यूंच्या रिवाजात भेटायला आलेल्याने आधी तोंड उघडायचं नाही, घरच्यांनी बोलायला सुरुवात केली तरच बोलायचं. हा नियम आपणही उचलावा असं मला फार वाटतं.

बुद्धांची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. किसा गोतमी मेलेलं मूल कडेवर घेऊन औषध मागत आली. बुद्ध म्हणाले, ज्या घरी कुणीच गेलेलं नाही, तिथून मोहरी आण. मोहरी प्रत्येक घरात होती, पण तसं घर एकही नव्हतं. लोक यातून 'मरण अटळ' एवढंच काढतात. मला दिसतं ते तिचं दारोदार जाणं. प्रत्येक उंबऱ्यावर कुणीतरी तिला आपलं गेलेलं माणूस सांगितलं असेल.

सगळे धर्म एकच सांगतात, असं मात्र मी म्हणणार नाही. कुणी पुनर्जन्म सांगतं, कुणी कयामत, बुद्ध तर आत्माच मानत नाहीत. मेल्यावर काय, यावर त्यांचं जमत नाही. मागे राहिलेल्याच्या शेजारी बसण्यावर जमतं. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली ती स्वतःच्या इच्छेने, तरी नामदेव 'आता लोपला दिनकर' म्हणत रडलेच ना!

परवा दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. माझा त्यावर विश्वास नाही, तरी घड्याळाकडे बघून माझाही जीव खालीवर होत होता. भाचा म्हणाला, घराची काळजी करू नकोस. बाईंच्या धाकट्या जावेने ताईंना सांभाळायचा शब्द दिला. अर्धा तास गेला. मग ताई, तुम्ही हळूच म्हणालात, "आई, तुझ्या गणिताच्या वह्या रद्दीत घालणार नाही." तेवढ्यात एक कावळा आला. भुकेला असेल, योगायोग असेल. पण त्या खोळंब्यात प्रत्येकाच्या मनातलं मोठ्याने बोललं गेलं. एरवी ते कोण बोललं असतं, आणि कधी?

बाईंची आणखी एक सवय होती. तेरावं झालं, पाहुणे पांगले, की महिन्याभराने त्या पुन्हा यायच्या, डबा घेऊनच. तेव्हा दार वाजवणारं दुसरं कुणी नसायचं.

ताई, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी संध्याकाळी मी येते. खिचडी बाईंसारखी मऊ होणार नाही, आधीच सांगून ठेवते. आणि तो पितळी डबा तुमच्याकडेच आहे, तेवढा घासून ठेवा.