बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका: फोटोतल्या गणिताचं पूर्ण उत्तर

तुझा फोटो नीट बघितला. m = 3/4 पर्यंतची तुझी सगळी आकडेमोड बरोबर आहे. त्याखाली लिहिलंयस, "दुसरा m येतच नाही, कुठे चुकलं?" चुकलं काहीच नाही. स्पर्शिका दोनच आहेत, पण त्यांतल्या एकीला चढच नाही. ते कसं, ते पुढे येईलच.

आधी प्रश्न वाचून घेऊ, कारण फोटोत उजव्या कडेला बोटाची सावली पडली आहे आणि शेवटच्या पदाचं चिन्ह दिसत नाही. मला दिसतं ते असं: वर्तुळ x² + y² − 4x − 6y, मग पुसट चिन्ह, मग 12 = 0. बिंदू P(7, 13). (i) P मधून काढलेल्या स्पर्शिकाखंडाची लांबी 10 आहे हे दाखवा. (ii) दोन्ही स्पर्शिकांची समीकरणं काढा. (iii) स्पर्शबिंदू शोधा.

चिन्ह ठरवायला (i) पुरेसा आहे. +12 धरलं तर त्रिज्येचा वर्ग 4 + 9 − 12 = 1 येतो आणि लांबी √124, म्हणजे 10 नाही. −12 धरलं की 10 येते, ते आत्ता दिसेलच. तूही −12 च घेतलं आहेस.

केंद्र, त्रिज्या आणि अंतर

पूर्ण वर्ग करून घे:

(x − 2)² + (y − 3)² = 12 + 4 + 9 = 25

केंद्र C(2, 3), त्रिज्या r = 5. आता अंतराचं सूत्र:

CP² = (7 − 2)² + (13 − 3)² = 25 + 100 = 125

125 हे 25 पेक्षा मोठं, म्हणून P वर्तुळाबाहेर आहे आणि स्पर्शिका दोन असणारच. ही ओळ उत्तरात जरूर लिही. पुढे एकच चढ हाती आला की तुला लगेच कळतं, अजून एक शोधायची राहिली आहे.

स्पर्शबिंदूला A म्हणू. त्रिज्या CA स्पर्शिकेला लंब असते, म्हणून त्रिकोण CAP मध्ये A पाशी काटकोन आहे आणि CP कर्ण आहे. पायथागोरसच्या प्रमेयाने

PA² = CP² − CA² = 125 − 25 = 100, म्हणून PA = 10.

(i) झाला.

चढाची पायरी

P मधून जाणारी, चढ m असलेली रेषा:

y − 13 = m(x − 7), म्हणजेच mx − y + 13 − 7m = 0

ती स्पर्शिका असायची तर केंद्रापासून तिचं लंबांतर त्रिज्येइतकं हवं:

|2m − 3 + 13 − 7m| / √(m² + 1) = 5
|10 − 5m| = 5√(m² + 1)
|2 − m| = √(m² + 1)

दोन्ही बाजू ऋण नाहीत, म्हणून वर्ग करताना खोटी उकल आत शिरत नाही:

4 − 4m + m² = m² + 1
4m = 3, म्हणून m = 3/4

इथेच तू अडकलास. दोन्हीकडचे m² कटले, वर्गसमीकरणाचं एकघाती समीकरण झालं आणि उकल एकच उरली. पण सुरुवातीलाच y − 13 = m(x − 7) लिहिलं तेव्हा आपण एक गोष्ट गृहीत धरली होती: रेषेला चढ आहे. P मधून जाणाऱ्या सगळ्या रेषा या रूपात बसतात, फक्त एक सोडून. ती म्हणजे Y-अक्षाला समांतर असलेली x = 7. ती वेगळी तपासावी लागते, आणि तपासणी एका ओळीची आहे: केंद्र (2, 3) पासून x = 7 चं अंतर |7 − 2| = 5 = r. म्हणजे हीच दुसरी स्पर्शिका.

हा योगायोग नव्हे. P केंद्रापासून आडवा a आणि उभा b अंतरावर असेल तर वरच्याच रीतीने

(a² − r²)m² − 2ab·m + (b² − r²) = 0

असं समीकरण मिळतं. आपल्या गणितात a = 5, b = 10, r = 5, म्हणून m² चा सहगुणक 0 होतो आणि उरतं −100m + 75 = 0. P जरासा उजवीकडे सरकवून (7.1, 13) ला ने. मग समीकरण 1.01m² − 102m + 75 = 0 होतं आणि चढ येतात सुमारे 0.74 आणि 100.25. (7.01, 13) घेतलास तर मोठा चढ 1000 च्या आसपास जातो. डावीकडे (6.9, 13) ला आणलास तर तोच चढ सुमारे −99.75 होतो. एक स्पर्शिका जवळजवळ जागच्या जागी, आणि दुसरी उभ्या रेषेच्या या अंगाची त्या अंगाला. बरोबर 7 वर ती पूर्ण उभी असते, आणि तिथे m नावाची संख्याच नसते. हे आलेखकागदावर एकदा काढून बघच, मला तरी या गणितातला सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो.

पहिल्या स्पर्शिकेचं समीकरण:

y − 13 = (3/4)(x − 7)
4y − 52 = 3x − 21
3x − 4y + 31 = 0

पडताळा: |3·2 − 4·3 + 31| / 5 = 25/5 = 5. बरोबर.

(ii) चं उत्तर: 3x − 4y + 31 = 0 आणि x = 7.

स्पर्शबिंदू

x = 7 साठी फार काही करायचं नाही. त्रिज्या स्पर्शिकेला लंब, म्हणजे आडवी. केंद्राच्याच उंचीवर x = 7 ला भेटते: B(7, 3).

पहिल्या स्पर्शिकेचा चढ 3/4, म्हणून तिला लंब असलेल्या त्रिज्येचा चढ −4/3. C मधून जाणारी ती रेषा:

y − 3 = (−4/3)(x − 2), म्हणजेच 4x + 3y = 17

हिच्याबरोबर 3x − 4y = −31 सोडव. पहिल्याला 4 ने, दुसऱ्याला 3 ने गुणून बेरीज केली की 25x = 68 − 93 = −25. म्हणून x = −1, y = 7. स्पर्शबिंदू A(−1, 7).

A वर्तुळावर आहे का? (−3)² + 4² = 25, आहे. आणि PA² = 8² + 6² = 100, PB² = 0² + 10² = 100. (i) मधली 10 दोन्हीकडून परत मिळाली.

तुझ्या आकृतीत P केंद्राच्या जवळजवळ डोक्यावर आला आहे, म्हणून x = 7 ही रेषा वर्तुळाला छेदताना दिसते. P बरोबर 5 एकक उजवीकडे घेऊन आकृती पुन्हा काढ. उभी स्पर्शिका डोळ्यांनाच दिसेल. उत्तरपत्रिकेत तुझ्या m = 3/4 च्या ओळीखाली एवढं जोड: "m² चा सहगुणक शून्य झाल्याने दुसरी स्पर्शिका Y-अक्षाला समांतर आहे. केंद्रापासून x = 7 चं अंतर 5 = r, म्हणून x = 7 ही दुसरी स्पर्शिका." बाकी तू लिहिलेलं काहीच खोडू नकोस.