ताई, तुझा रेझ्युमे नव्याने मांडून पाठवतेय

ताई, तू पाठवलेला मजकूर हा असा आहे, मुद्दाम परत चिकटवते म्हणजे शेजारी ठेवून बघता येईल (जन्मतारीख आणि पत्ता तेवढा काढलाय):

"मी गेली अकरा वर्षे गणित व विज्ञान शिक्षिका म्हणून कार्यरत असून आता आयटी क्षेत्रात करिअर करण्याची इच्छा आहे मेहनती प्रामाणिक टीम प्लेअर बीएस्सी गणित ६८ टक्के बीएड एमएससीआयटी झाले आहे आठवी ते दहावीचे वर्ग घेते मॅन्युअल टेस्टिंगचा कोर्स केला आहे सेलेनियम जावा एसक्यूएल जिरा पोस्टमन सर्व येते शाळेचा निकाल एक्सेलमध्ये मीच बनवते यूडायसचे काम पण माझ्याकडे असते कोरोनात ऑनलाइन वर्ग घेतले भाषा मराठी हिंदी इंग्रजी तेलुगू छंद वाचन रांगोळी विवाहित एक मुलगा"

आता खरं सांगते, यात टेस्टिंगचं म्हणावं असं सगळ्यात भारी काम आहे ते निकाल आणि यूडायस, आणि ते तू "पण माझ्याकडे असते" असं म्हणून कोपऱ्यात टाकलंयस. एचआरवाला वरच्या चार ओळी बघतो, तिथे त्याला मेहनती-प्रामाणिक दिसलं की पुढे जातो, ते सगळेच लिहितात गं. म्हणून क्रम बदललाय. मराठीतच लिहिलंय, आधी तुझं तुला पटू दे, पटलं की त्याच क्रमाने इंग्रजी करू. नाव, मोबाईल, ईमेल, शाळेचं नाव तुझं आहे तसंच राहील.

मॅन्युअल टेस्टर (फ्रेशर) पदासाठी
सोलापूर | पुण्यात राहून काम करायची तयारी

थोडक्यात
११ वर्षं आठवी ते दहावीला गणित-विज्ञान शिकवलं. प्रश्नपत्रिका, नमुना उत्तरं, निकालाचं एक्सेल शीट आणि यूडायसची माहिती तपासणं हे रोजचं काम. २०२५ मध्ये मॅन्युअल टेस्टिंगचा ४ महिन्यांचा कोर्स पूर्ण, सरावाच्या साइटवर टेस्ट केसेस आणि बग रिपोर्ट लिहिले आहेत. टेस्टिंगमधली पहिली नोकरी शोधते आहे.

टेस्टिंगमधलं काय येतं
स्वतः केलेलं: टेस्ट केस लिहिणं, बाउंडरी व्हॅल्यू आणि इक्विव्हॅलन्स पार्टिशनिंग, बग रिपोर्ट, रिग्रेशन, जिरामध्ये बग नोंदवणं, एसक्यूएलमध्ये सिलेक्ट, व्हेअर, जॉइन
ओळख आहे: पोस्टमनमधून गेट आणि पोस्ट रिक्वेस्ट पाठवून स्टेटस कोड आणि रिस्पॉन्स बघणं
शिकते आहे: जावा, सेलेनियम

सरावाचं काम
saucedemo.com या सरावाच्या साइटवर लॉगिन, कार्ट आणि चेकआउटच्या टेस्ट केसेस लिहिल्या. `standard_user` आणि `problem_user` या दोन्ही लॉगिननी त्याच केसेस चालवून फरक नोंदवला. प्रत्येक बगला पायऱ्या, अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल, स्क्रीनशॉट, सिव्हेरिटी आणि प्रायॉरिटी दिली.

कामाचा अनुभव
सहशिक्षिका, गणित व विज्ञान, मराठी माध्यमाची माध्यमिक शाळा, सोलापूर, जून २०१४ पासून
• शाळेच्या निकालाचं एक्सेल शीट तयार केलं आणि सांभाळलं. ४० गुणांच्या रकान्यात ४१ लिहिले तरी शीट घेत होतं, हे शोधून तिथे डेटा व्हॅलिडेशन लावलं.
• पास-नापासचं सूत्र ३४, ३५, ३६ गुण, रिकामा रकाना आणि गैरहजर विद्यार्थी अशा नोंदी घालून दर सत्राआधी तपासलं.
• यूडायस प्लसवर भरलेली विद्यार्थ्यांची नावं आणि जन्मतारखा जनरल रजिस्टरशी ताडून फरक असलेल्या नोंदींची यादी केली, दुरुस्तीनंतर त्याच नोंदी परत तपासल्या.
• प्रश्नपत्रिका काढताना प्रत्येक प्रश्नाचं अपेक्षित उत्तर आणि पायरीनुसार गुण आधी लिहून ठेवले, म्हणजे दुसऱ्या शिक्षकाने तपासलं तरी गुण तेच पडतात.
• २०२०-२१ मध्ये ऑनलाइन वर्ग घेतले, पालकांच्या मोबाईलवरच्या अडचणी फोनवर ऐकून सोडवल्या.

शिक्षण
बी.एड., २०१४
बी.एस्सी. गणित, सोलापूर विद्यापीठ (आताचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ), २०१३, ६८ टक्के
एमएससीआयटी

भाषा
मराठी, हिंदी, तेलुगू, इंग्रजी (वाचन-लेखन चांगलं, बोलायचा सराव चालू)

झालं एवढंच, एका पानात बसतं. आता काही गोष्टी ज्या मी बदलल्या त्या का ते सांगते, कारण इंटरव्ह्यूत उत्तर तुलाच द्यायचंय.

"सर्व येते" हे मी तीन भागात फोडलं. सेलेनियम येतं लिहिलंस की पहिलाच प्रश्न येतो की एखादं बटण तुम्ही लोकेट कसं करता, आयडीने का एक्सपाथने, आणि तिथे अडकलीस की मग तुला जे खरंच येतं त्यावरचाही त्यांचा विश्वास जातो. शिकतेय म्हटलं की कुणी धरून बसत नाही.

आणि तो कन्सल्टन्सीवाला जे म्हणाला ना, की टेस्टिंगचा तीन वर्षांचा अनुभव दाखवू, कागद आम्ही देतो, ते अजिबात करू नको ताई, हात जोडते. कंपन्या बॅकग्राउंड चेक करतात, पीएफच्या नोंदी बघतात, जॉइन झाल्यावर सुद्धा काढून टाकतात. तुझी ११ वर्षं खरी आहेत, ती कशाला झाकायची?

३४-३५-३६ वाली ओळ मला सगळ्यात जास्त आवडलीय. यालाच बाउंडरी व्हॅल्यू म्हणतात, कोर्समध्ये वयाच्या १८ चं तेच ते उदाहरण देतात, तुझ्याकडे खऱ्या शाळेतलं आहे. कुणी विचारलं की सांगायचं, ३५ ला पास म्हणजे चूक असली तर तिथेच सापडणार, सूत्रात >= च्या जागी नुसतं > पडलं की ३५ वाला पोरगा नापास होतो:

```
=IF(B2>=35,"पास","नापास")
```

आणि हे सूत्र रिकाम्या रकान्याला पण नापास म्हणतं, गैरहजर म्हणत नाही, हेही सांग, मग बघ समोरचा कसा सरळ होऊन बसतो.

सॉसडेमोबद्दल एक लक्षात ठेव, `problem_user` मधले बग त्यांनी मुद्दाम पेरलेत, सगळ्या वस्तूंना एकच फोटो दिसतो वगैरे, ते शेकडो मुलं लिहितात. म्हणून "सरावाची साइट" हे शब्द मी ठेवलेत, काढू नको. तुझ्या शीटमधला ४१ चा बग त्याहून वजनदार आहे कारण तो तू स्वतः पकडला.

फोटो, जन्मतारीख, लग्न, मुलगा, रांगोळी काढलं, त्याचा या नोकरीशी संबंध नाही आणि मुलाचं वाचून लोक उगाच भलते प्रश्न विचारतात. तेलुगू मात्र ठेवलंय, हैदराबादच्या टीमबरोबर काम पडलं तर उपयोगच आहे. टेबल, दोन कॉलम, रंगीत पट्ट्या नकोत, ऑनलाइन अर्ज वाचणारी सिस्टिम त्यात गोंधळते. साधं वर्ड, मग पीडीएफ.

आयएसटीक्यूबी फाउंडेशन दिलीस तर बरंच, ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर आले की पास, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना १५ मिनिटं जास्त मिळतात. पण फी भरायची घाई नको, आणि "तयारी चालू" असं रेझ्युमेत लिहू पण नको, पास झालीस की शिक्षणाखाली टाकू.

एवढं घाबरायलीस कशाला, माल तुझ्याकडे आहे. रविवारी फोन करते, तोवर यूडायसमध्ये नेमक्या कुठल्या कुठल्या चुका सापडायच्या ते आठवून लिहून ठेव, नाव-जन्मतारखेशिवाय आधारचं काही असेल तर तेही. त्यातून अजून एक ओळ नक्की निघेल असं मला वाटतंय.