सारांश: उन्हाळ्यात पूर्व मार्गावर नासणारे दूध

संचालक मंडळाकडून मुख्य निर्णय एकच हवा आहे: पूर्व मार्गावरील सहा बल्क कूलर केंद्रांसाठीचे डिझेल जनरेटर फेब्रुवारीपूर्वी मंजूर करावेत. मार्च ते मे या काळात डेअरीत नाकारलेले बहुतेक टँकर याच मार्गावरचे होते आणि दोष उत्पादकांचा नाही. केंद्रावर घेताना आम्लता, वास, चव सगळे ठीक होते. बिघाड होतो तो संध्याकाळच्या संकलनानंतर. कोमट दूध चार अंशांपर्यंत उतरायला कूलरला काही तास अखंड वीज लागते आणि नेमकी तेव्हाच ती जाते. एका केंद्राच्या नोंदवहीत रात्री ९ वाजता १९ अंश आणि पहाटे ५ वाजता २२ अंश अशी नोंद आहे. तेच दूध सकाळच्या ताज्या दुधात मिसळले गेले आणि अख्खा टँकर परत आला. टँकरच्या फेऱ्या वाढवून भागणार नाही, कारण रस्त्यातही दूध तापतच राहते. जनरेटरचा खर्च दोन उन्हाळ्यांच्या नुकसानीतून भरून निघतो (हिशेब प्रकरण ४ मध्ये). तोवर रात्री न थंडावलेले दूध वेगळे ठेवण्याची सूचना केंद्रांना आजच देता येईल. उत्पादकांच्या बिलातली कपातही लगेच थांबवावी, असा आमचा आग्रह आहे. चांगले दूध घालणाऱ्यांनी हा भुर्दंड का सोसावा? वेळ कमी असल्यास फक्त प्रकरण ३ मधील केंद्रनिहाय तापमानाचा तक्ता पाहावा.